काळजीचे कारण नाही

कोणतंही किचकट परिपत्रक शाळेत आलं की मुख्याध्यापक पंजाबराव ते अर्धं वाचायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि शिपायाला म्हणायचे, हे मॅडमकडे दे. मॅडम म्हणजे सुभद्रा. तेल्हाऱ्याच्या त्या शाळेत ती आठवी-नववीला मराठी शिकवायची आणि ‘शाळा आणि घर’ हे शाळेचं चार पानी पत्रक जवळजवळ एकटीच काढायची. पहिल्या पानावर कोणीतरी बक्षीस घेताना, शेवटच्या पानावर वृक्षारोपण आणि पाहुण्यांचे आभार. ही पानं कोणी वाचत असेल, असं खुद्द सुभद्रालाही वाटत नव्हतं. पण आत एक पान होतं, ‘निकाल कसा वाचावा’. ते लोक वाचायचे, किराणा दुकानाच्या काउंटरवर ठेवायचे, मोबाईलवरून सुनेच्या माहेरीसुद्धा धाडायचे.

त्याला कारण होतं. आता बघा, प्रगतिपत्रकात लिहिलेलं असतं आकारिक मूल्यमापन आणि संकलित मूल्यमापन. कोणत्या बापाला समजावं ते? दिवसभर पऱ्हाटीत, कपाशीच्या शेतात, राबून आलेल्या माणसाने रात्री शब्दकोश उघडून बसायचं काय? सुभद्राने सरळ लिहिलं होतं, की आकारिक म्हणजे गुरुजी वर्षभर वर्गात जे पाहतात ते. तोंडी, प्रकल्प, गृहपाठ. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी जो पेपर होतो तो. अ-१ म्हणजे एक्क्याण्णवपासून वर, ड म्हणजे तेहेतीस ते चाळीसच्या मधे. ब-२ मिळालेलं मूल वाईट नसतं आणि श्रेणी म्हणजे वर्गातला नंबरही नसतो, तेव्हा शेजारच्या पोराशी ताडून पाहू नका. लोकांना हे आवडलं. एका आजोबांनी तर शाळेत येऊन सांगितलं, की नातवाचा निकाल मले पयल्यांदा कळला. ते ऐकून सुभद्रा दोन दिवस हवेत होती, खोटं कशाला बोला.

तिची लिहायची रीतही तिची स्वतःची होती. मजकूर तयार झाला की ती तो छापायला देत नसे. शाळा सुटायच्या वेळी फाटकाजवळ आया उभ्या असत, कोणी पोराला घ्यायला, कोणी बाजार करून ऑटोची वाट पाहत. त्यांतल्या चारपाच जणींना ती वऱ्हांड्यात बसवायची आणि मजकूर मोठ्याने वाचून घ्यायची. जिथे बायकांच्या माना हलायच्या थांबल्या, ते वाक्य ती बदलायची. बायकांची मान हलते ते वाक्य सोपं, हे तिचं गणित.

वाचायला असायची पायल. आठवीतली, सडपातळ, आवाज खणखणीत. प्रार्थनेनंतरचा सुविचार, पंधरा ऑगस्टचं भाषण, सगळं पायल. मराठीत पहिली, गणितात मात्र पोरीचे हात टेकलेले. अपूर्णांक आला की ती वहीच्या कोपऱ्यात वेलबुट्टी काढत बसायची. गणिताचे नितेश सर म्हणायचे, मॅडम, तुमची लाडकी माझ्या तासाला पाहुणी म्हणून येते.

पायलचं गाव तेल्हाऱ्यापासून आत होतं. तिथून ती आणखी दोन मोठ्या मुलींबरोबर ऑटोने यायची. त्या दोघी यंदा दहावी होऊन जाणार होत्या, मग त्या रस्त्याने ही एकटी. बाप मनोज याने ते आधीच सांगून ठेवलं होतं, की एकट्या पोरीले मी त्या रोडनं नाई पाठवणार. त्यावर तोड काढली ती मावशीने. जाईबाईची, म्हणजे पायलच्या आईची, धाकटी बहीण मैना अमरावतीत एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. तिने तिथल्या बाईंच्या हातापाया पडून नववीसाठी एक जागा धरून ठेवली होती. नववी ते बारावी, राहणं-जेवण तिथेच, शाळा पलीकडच्याच गल्लीत. आठवी पास झाल्याचा दाखला घेऊन जून संपायच्या आत या, एवढीच अट. दाखला नाही आला तर यादीतली पुढची मुलगी घेणार, आणि मग पायलने घरी बसायचं. हे सगळं सुभद्राला माहीत होतं. पायलनेच सांगितलं होतं, अमरावतीला पुस्तकांचं दुकान शाळेसमोरच आहे या एका बातमीसकट.

आणि त्याच वर्षी आठवीच्या नव्या नियमावर मजकूर लिहायची वेळ आली.

आधी कसं होतं, आठवीपर्यंत नापास हा प्रकारच नव्हता. मूल वर्गात आलं, बसलं, पुढे गेलं. पालकांना ते इतकं पाठ झालं होतं, की आठवीपर्यंत कोणी फेल होत नाही हे गावातलं लहान पोरही सांगे. मग नियम बदलला. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. आठवीला प्रत्येक विषय साठ गुणांचा, पास व्हायला एकवीस. कमी पडले तर सवलतीचे थोडे गुण. तरीही नाही जमलं तर शाळेने उन्हाळ्यात शिकवायचं आणि जूनमध्ये त्या विषयाची पुन्हा परीक्षा घ्यायची. तीही गेली तर मूल आठवीतच. नियम येऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती, पण त्यांच्या शाळेत तोवर सगळी मुलं या ना त्या प्रकारे काठावरून पार झाली होती, म्हणून तो कोणाच्या अंगावर आला नव्हता.

सुभद्राने पहिल्या खर्ड्यात स्वच्छ लिहिलं होतं: ‘प्रगतिपत्रकावर पुनर्परीक्षा असा शेरा असेल तर तुमचं मूल त्या विषयात नापास आहे. जूनची परीक्षा दिली नाही, किंवा तीत पास झालं नाही, तर ते आठवीतच राहील.’

पंजाबरावांनी वाचलं आणि लाल पेन उचललं. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे. पण त्याच्या डोळ्यांसमोर मुलं नव्हती, पट होता. तेल्हाऱ्यात आजूबाजूला चार शाळा, प्रत्येकीचे शिक्षक मार्च-एप्रिलमध्ये दारोदार फिरून मुलं गोळा करतात. पट घसरला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो. आणि त्यांच्या शाळेत अतिरिक्त ठरला असता तो नितेश, ज्याचं लग्न आत्ता दिवाळीत झालं होतं. पंजाबराव म्हणाले, मॅडम, नापास हा शब्द कागदावर दिसला की लोक दाखले काढून नेतील. दुसरी शाळा म्हणते आमच्याकडे पाठवा, आम्ही पास करतो. थोडं गोड लिहा ना, तुम्हाला तर येतंच.

सुभद्रा भांडली का? थोडीशी. पण तिला आतून पटलंही होतं, ही खरी गोम. नापास हा शब्द तिलाही नकोच होता. तिच्या लहानपणी तिच्या भावाला तो शब्द चिकटला होता आणि घरात कोणी रागावलं की तोच निघायचा. चौदा वर्षांच्या पोराला आपण कशाला डाग लावा, असं तिला वाटलं. तिने ती दोन वाक्यं काढली आणि त्यांच्या जागी लिहिलं: ‘ज्या मुलांच्या पत्रकावर पुनर्परीक्षा असा शेरा आहे, त्यांना जूनमध्ये आणखी एक संधी मिळणार आहे. त्यासाठी मे महिन्यात शाळेत मोफत सराव वर्ग घेतले जातील. मुलांना अवश्य पाठवा. काळजीचे कारण नाही.’ लिहून झाल्यावर तिला ते आवडलंसुद्धा.

एप्रिलच्या उन्हात वऱ्हांड्यात बायका बसल्या. त्या दिवशी जाईबाईही होती, पायलला चपला घ्यायला तेल्हाऱ्यात आलेली. पायलने वाचलं. कुठेही न अडखळता, ठिकठिकाणी थांबत, अर्थ पोचवत. श्रेणी झाल्या, गुण झाले, पुनर्परीक्षा झाली. एकही मान थांबली नाही. जाईबाई तर लेकीकडे पाहत शेवटपर्यंत मान हलवत होती. सुभद्राने मजकूर तसाच छापायला धाडला.

मेच्या पहिल्या दिवशी निकाल लागला. झेंडावंदन झालं, प्रगतिपत्रकं वाटली, त्यांच्या घडीत ‘शाळा आणि घर’ घालून दिलं. पायलला मराठीत सत्तावन्न होते. गणितात चौदा. सवलतीचे गुण घालूनही ती एकविसाच्या काठाला लागत नव्हती. शेरा होता पुनर्परीक्षा. आठवीत असा शेरा तिघांना मिळाला. नितेश सरांनी तिघांच्या घरी फोन लावले, जूनची परीक्षा आहे, पोरांना पाठवा म्हणाले. मनोज म्हणाला, हो सर, पोरीनं वाचून दाखवलं सगळं, पण ती मावशीकडे चालली अमरावतीले, जूनचं पाहू. नितेशनेही आपलं सांगण्याचं काम झालं म्हणून वहीत टिक केली.

सराव वर्गाला दोघं आले. पायल नाही.

सुभद्राला ते कळलं, आणि इथेच तिला एक मोका मिळाला होता. मेच्या मध्यावर आठवडी बाजारात जाईबाई भेटली. सोबत गावातल्या दोघी-तिघी, डोक्यावर पदर, हातात कांद्याच्या पिशव्या. सुभद्राने विचारलं, पायल कुठं आहे. जाईबाई हसून म्हणाली, अमरावतीत, मैनीपाशी, तिथचं सगळं पाहून घेऊन राहिली. सुभद्रा म्हणाली, जूनच्या परीक्षेला आणा हो तिला, तिचं भलं होईल. जाईबाई म्हणाली, आणतो ना मॅडम, जमलं त आणतोच.

जमलं तर. हे दोन शब्द सुभद्राच्या कानाला खटकले. सरळ म्हणायला काय हरकत होती, की बाई, तुमची पोरगी गणितात नापास आहे, जमलं तर नाही, आणलीच पाहिजे. पण बाकीच्या बायका ऐकत उभ्या होत्या. आज बाजारात बोललं की संध्याकाळी ते गावभर होणार. पोरीची अब्रू म्हणून सुभद्राने मूग गिळले, वर कांद्याचा भाव विचारला आणि ती पुढे गेली. पुढच्या आठवड्यात ती माहेरी गेली ती थेट शाळा उघडायच्या आदल्या दिवशी परतली; तोवर पुनर्परीक्षा होऊन गेली होती.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात शाळा उघडली, त्या दिवशी सकाळीच मनोज आला. नवा शर्ट, कपाळाला घाम, हातात पिशवी. पिशवीत शाळेच्या कचेरीतल्या बाबूंसाठी पेढे. म्हणाला, पायलचा दाखला द्या, उद्याच्या गाडीनं अमरावतीले जाणं हाय.

बाबूंनी रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि मान वर न करता सांगितलं, की दाखला मिळेल, पण आठवीत असल्याचा, पास झाल्याचा नाही. पुनर्परीक्षेला मुलगी गैरहजर. मनोजला वाटलं काहीतरी घोटाळा आहे. तो म्हणाला, ते वालं नाई, तिची आठवी झाली, पासचा पायजे. बाबूंनी पुन्हा तेच सांगितलं. मग त्याने पेढ्यांची पिशवी टेबलावरून उचलून मांडीवर घेतली आणि तिथल्या बाकावर बसून राहिला. वर्गावर चाललेल्या सुभद्राला त्याने हाक मारली.

“मॅडम, हे काय मनून राहिले? पायल फेल हाय मनतेत. ते परीक्षा त मार्क वाढवाची होती ना?”

सुभद्राला आधी कळेचना. मग हळूहळू उलगडलं. मनोजच्या भावाचा मुलगा अश्विन. त्याने मागच्या साली बारावी पास झाल्यावर पुन्हा परीक्षा दिली होती, श्रेणीसुधाराची. पास तर तो होताच, टक्के वाढवायचे होते. ज्याला हवी त्याने द्यावी, नको त्याने सोडावी. घरात पुन्हा परीक्षा म्हणजे काय ते अश्विनवरून ठरलेलं होतं. त्यात आठवीपर्यंत कोणी नापास होत नाही, हेही पक्कं. आणि वर मॅडमचं पत्रक, आणखी एक संधी, काळजीचे कारण नाही. त्यांना वाटलं, पोरीचे गणितात मार्क कमी आहेत, वाढवायचे असतील तर शाळा फुकट शिकवते. नववीला तर जायचंच आहे, मार्क वाढवून कोणाला दाखवायचे? त्यापेक्षा पोरीने अमरावतीची हवा पाहून घेतलेली बरी. यात मूर्खपणा काय होता, सांगा. काहीच नव्हता.

सुभद्रा पंजाबरावांकडे धावली. पंजाबरावांचं तोंड उतरलं. आणखी एकदा परीक्षा घ्या म्हणाली, आज घ्या, आत्ता घ्या, मी बसते तिला शिकवायला. ते म्हणाले, निकाल वर पाठवला मॅडम, ऑनलाईन भरला, आता माझ्या हातात काही नाही. त्यांनी हे खरंच दुःखाने सांगितलं, पण दुःखाने सांगितल्याने काय व्हायचं?

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती अकोल्याला गेली, शिक्षण कार्यालयात. सोबत प्रगतिपत्रकाची प्रत आणि स्वतःचं ते पत्रक. तिथल्या अधिकारीण बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. सुभद्राला वाटलं, ऐकतात म्हणजे काहीतरी निघेल. बाईंनी पत्रकातला तो मजकूर दोनदा वाचला आणि म्हणाल्या, फार सुंदर लिहिलंय तुम्ही, असं सगळ्या शाळांनी लिहायला हवं. मग म्हणाल्या, पण पुनर्परीक्षा एकच असते. ती झाली. मुलीला शाळेतून कोणी काढणार नाही, तिला आठवीत पुन्हा बसण्याचा पूर्ण हक्क आहे. सुभद्रा म्हणाली, हक्क आहे हो, पण ऑटो नाही. बाईंना ते समजलं नाही. सुभद्राने कागद गोळा केले आणि ती उठली.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. पावसाचा पत्ता नाही. येताना बसमध्ये तिने मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या. पंजाबरावांना, त्यांच्या लाल पेनाला, नितेशच्या वहीतल्या खुणेला. पण फिरून फिरून ती तिथेच येऊन थांबायची. पेन पंजाबरावांचं होतं, वाक्य तिचं होतं. आणि बाजारात तर पंजाबराव नव्हते.

तिसऱ्या दिवशी ती पायलच्या गावी गेली. जायचं होतं कशाला, हे तिला धड सांगता आलं नसतं. मनोज कामावर गेला होता. जाईबाईने चटई टाकली, चहा ठेवला. पायल सामान न्यायला चार दिवसांपूर्वीच अमरावतीहून आली होती आणि आतल्या खोलीच्या दाराशी उभी होती. कोपऱ्यात तिची पेटी भरलेली, वर नवी चादर घडी घालून ठेवलेली. कोणी रडलं नाही, कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर सुभद्राला बरं वाटलं असतं.

जाईबाईने फळीवरून ते पत्रक काढलं. नीट जपून ठेवलेलं होतं, आजवरचे सगळे अंक होते. तिने ते लेकीच्या हातात दिलं. जाईबाई चौथीपर्यंत शिकलेली, अक्षरं लावता यायची, पण घरातले कागद वाचायचा मान पायलचा होता.

“वाच,” ती म्हणाली. “माह्या ध्यानात राह्यलं नसन. पोट्टी फेल हाय, हे कोठी लिवलं हाय ते मले दाखव.”

पायलने वाचायला सुरुवात केली. नेहमीसारखंच वाचलं, आवाज फक्त थोडा खाली होता. आकारिक म्हणजे काय, संकलित म्हणजे काय, ब-२ मिळालेलं मूल वाईट नसतं. जाईबाई एकेका वाक्याला थांबवून विचारत होती, हे का? हे का? पायल नाही म्हणत होती आणि पुढे वाचत होती. पुनर्परीक्षेचा परिच्छेद आला. तो तिने दोनदा वाचला, दुसऱ्या वेळी हळू, बोट ठेवून. मग तिने पान उलटून मागे पाहिलं, तिथे वृक्षारोपण होतं.

“नाई लिवलं, आई,” ती म्हणाली.

सुभद्राने तोंड उघडलं. तिला सांगायचं होतं, की लिहिलं होतं, पहिल्यांदा लिहिलं होतं, मग काढलं. पण ते सांगून काय झालं असतं? लिहून काढलं हे तर न लिहिण्याहून वाईट. तिने चहाचा कप उचलला, तो गार झाला होता. ती म्हणाली, यंदा आठवी पुन्हा करू, मी स्वतः गणित करून घेईन, ऑटोचं काहीतरी बघू. जाईबाई हो म्हणाली. ते हो कसलं होतं हे तिघींनाही माहीत होतं. सोबतीच्या पोरी नाहीत, लहान पोरांत बसायचं, आणि बापाचा शब्द. पुढच्या वर्षी मैनाच्या वसतिगृहात जागा निघेलच असं कोणी सांगितलं?

तेवढ्यात जाईबाईचा फोन वाजला. मैनाच होती. सकाळपासून तिचा हा तिसरा फोन, जाईबाईने आधीचे दोन उचलले नव्हते. तिने वाजत असलेला फोन तसाच सुभद्रापुढे धरला.

“तुमीच सांगा मॅडम तिले. मी सांगतो त तिले वाटन, आमीच पोट्टीले पाठवून नाई राहिलो. तुमाले नीट समजावून सांगता येते.”

सुभद्राने फोन घेतला. पलीकडे भांड्यांचा आवाज होता, आणि मैना घाईत बोलत होती. वसतिगृहाच्या बाई समोरच बसल्या आहेत, आज दाखला आला नाही तर दुसरी मुलगी घेतात, पायल निघाली का? सुभद्राने स्वतःची ओळख सांगितली आणि समजावायला सुरुवात केली. म्हणाली, पायलच्या गणिताबाबत थोडी अडचण झाली आहे. म्हणाली, तिला जूनमध्ये एक संधी होती, ती काही कारणाने राहून गेली. हे बोलताना तिला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता, छापलेल्या पानासारखा गुळगुळीत.

“मॅडम, मले नाई समजून राहिलं,” मैना म्हणाली. “बाई इचारून राहिल्या, मी त्याइले काय सांगू? सीधं सांगा.”

दारात पायल उभी होती, हातात ते पत्रक. दोन महिने सगळ्यांनी तिला जपलं होतं. कोणी शेरा म्हटलं, कोणी अडचण म्हटलं, बापाने तर दाखल्याचा घोटाळा म्हटलं. सुभद्राने तिच्याकडे पाठ करायचा प्रयत्न केला, पण खोली एवढीशी, पाठ करून जाणार कुठे?

“पायल नापास झाली,” ती म्हणाली. “गणितात. ती आठवीतच राहिली.”

पलीकडे भांडी वाजायची थांबली. मैनाने फोन बाजूला धरून कोणाला तरी ते सांगितलं असावं, कारण एक बाई ‘बरं, मग यादी घ्या’ असं म्हणाल्याचं ऐकू आलं. मग मैना पुन्हा फोनवर आली. रागावली नव्हती, तिला फक्त समजलं होतं.

“मॅडम, हे एवढंच मे महिन्यात कोनी सांगतलं असतं, त पोट्टी माह्यापाशीच होती. मी सोता आणून बसवली असती तिले परीक्षेले.”

सुभद्रा हो म्हणाली.